अकराची एकोणीस

फलकाची काच सरकवून नोटिशीला पिन टोचणार, तोच लिपिकाचं लक्ष तारखेकडे गेलं. मंजूर टिपणीत साहेबांनी हाताने लिहिलं होतं, ‘११ तारखेला पाणी बंद’. टायपिस्टने ते ‘१९’ वाचलं होतं.

तो तसाच साहेबांकडे धावला.

“सही झालीय, जावक क्रमांक पडलाय. आता खाडाखोड नको, शुद्धिपत्रक काढू,” साहेब म्हणाले.

“मग ही लावायला नको ना?”

“लावा! जी लागलीच नाही, ती नोटीस शुद्ध कशी करणार?”

नोटीस लागली. शुद्धिपत्रक सह्यांसाठी टेबलं फिरत राहिलं. अकराला ठरल्याप्रमाणे जलवाहिनी दुरुस्त झाली आणि लोकांचे नळ दिवसभर कोरडे राहिले. सगळ्यांनी लिपिकालाच फैलावर घेतलं, घरी बायकोनेही.

एकोणीसला सकाळी त्याने तोंडाला साबण लावून नळ सोडला, तर नुसता फुसकारा आला. एक डोळा मिटूनच त्याने व्हॉल्व्हवाल्याला फोन लावला. “अरे, दुरुस्ती तर कधीच झाली ना?”

 

“दुरुस्ती झाली हो, भाऊ. नोटिशीची अंमलबजावणी राहिली होती.”