अकरावी ओळ

मंगळावर गेलेल्या वडिलांची, अण्णांची, शेवटची ओळ आली, तेव्हा वनजा नऊ वर्षांची होती. "वनू, मी परतल्यावर आपण दोघांनी करायच्या गोष्टी पुढीलप्रमाणे:"

तिकडून एकेक ओळ सुटी यायची. हिच्या माथ्यावर 'बारापैकी पहिली' असं होतं. उरलेल्या अकरा धुळीच्या वादळात गेल्या, आणि अण्णाही.

आज पन्नाशीत तिने यंत्राला त्यांची जुनी पत्रं दिली. यंत्राने अकराही ओळी लिहिल्या, अगदी त्यांच्याच बोलीत. वाचता वाचता तिचे डोळे भरले. पण अकरावीशी ती थबकली.

"छे, हे अण्णा नव्हेत!"

बाजाराच्या यादीतही अण्णा शेवटचा आकडा घालून पुढे काही लिहीत नसत. म्हणायचे, "असू दे, काहीतरी आठवेलच."

तिने सगळं पुसलं. 'पुढीलप्रमाणे'खाली फक्त ११ लिहिलं आणि पुढची जागा मोकळी ठेवली. तेवढी एक ओळ तिला नक्की ठाऊक होती.