टोमणा काढलेला निरोप

बहिणीला मोबाइलवर पाठवायचा निरोप धोंडीरामांनी बायकोला वाचून दाखवला. ‘माझ्या बागेच्या वाटपाचा दावा तू लावलास, तरीही मोठ्या मनाने बोलावतो आहे.’

“हे बोलावणं नाही, समन्स आहे,” बायको म्हणाली.

धोंडीराम गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. लोकांची भांडणं मिटवल्याबद्दल मिळालेली शाल कपाटात होती आणि सख्ख्या बहिणीशी बोलणं बंद होतं. त्यांनी निरोपातला दावा खोडला, मोठं मन खोडलं. ‘माझ्या’चं ‘आपल्या’ करताना मात्र बोट जरा अडखळलं. भावा-बहिणीपैकी कुणाच्याही घरी भेटायचं नाही, हेही ठरलं. उरलं ते एवढंच:

‘सुमन, आपल्या बागेबद्दल दोघांनीच बोलावं असं वाटतं. रविवारी चारला, स्टँडसमोरच्या हॉटेलात. वकील नकोत, कशावर सहीही नको. जमत नसेल तर तू दिवस सांग.’

संध्याकाळी उत्तर आलं. ‘दादा, हे वकिलाने लिहून दिलं का? एकही टोमणा नाही.’

बायकोची नजर चुकवून धोंडीरामांनी लिहिलं, ‘मीच लिहिलंय. आणि वेळेवर ये, जन्मात एकदा तरी.’

‘आता पटलं. येते.’