दुसरी खेप
पारशी खोर्शेदबाईंनी कर्जतजवळच्या आमच्या गावाला विहीर बांधून दिली. पाण्याची जागा ठाकुरवाडीच्या हिरूनं दाखवली, उंबराशेजारची; बाईंना मात्र मी ती स्वतः शोधल्याचं सांगितलं. आज पहिली घागर भरली तेव्हा डोक्याला पांढरा रुमाल बांधून त्यांनी अवेस्तातला श्लोक म्हटला: "हुमतनाम् हूख्तनाम् ह्वर्श्तनाम्..." मग म्हणाल्या, "मास्तर, सात अध्यायांच्या स्तोत्राची ही सुरुवात. चांगले विचार, चांगले शब्द, चांगली कामं, इथली की दुसरीकडची, आज होणारी की आधी झालेली, आमी त्यांची तारीफ करणारे; चांगल्याला नावं ठेवणारे नाय. हा दोनदा म्हणतात. आता दुसरी खेप तुमच्याकडं बघून म्हणते." हिरू घागर घेऊन रांगेत उभी होती, माझ्याकडं बघत. "थांबा" एवढंच म्हणायचं होतं. बाई दुसऱ्यांदा म्हणू लागल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.