सुस्त म्हणू नकोस

दादाच्या उशीवर लाळेचा पिवळा डाग होता आणि त्याच डागावर गाल टेकून तो भर दुपारी झोपला होता. धाकटीला शिसारी आली.

दोन वर्षांनी माहेरी आली, तर भावाचं हे ध्यान. दाढीचे खुंट, वाढलेली नखं, अंगाला आंबूस वास. उशाशी कॉफीचा कप, त्यात वाळलेली साय, आणि साखरेला आलेल्या दोन मुंग्या तळाशी मरून पडलेल्या.

"दादा, ऊठ ना. मी आलेय."

त्यानं कसाबसा एक डोळा उघडला. "आलीस? बस." डोळा मिटला. ओठाच्या कोपऱ्यातून पुन्हा लाळ ओघळली. तिनं नाकाला पदर लावला आणि बाहेर आली.

"बघितलंस?" वहिनी फडकं पिळत म्हणाली. "दिवसातून चारदा कडक कॉफी पाजते. स्वतःच्या हातानं करून. पण ढिम्म हलत नाही."

"असा नव्हता गं तो."

"होता. तुम्ही सगळे कौतुकानं बोलायचात, एवढंच."

ते मात्र खरं होतं. लहानपणी बाबा त्याला आळशोबा म्हणायचे, तेही मांडीवर घेऊन. त्या शब्दाचा कुणाला राग यायचा नाही. पुढे बाबांच्या चष्म्याच्या दुकानात बसायला लागला, तर गिऱ्हाइकं म्हणायची, मुलगा निवांत आहे. चष्म्याची काडी कानामागे नीट बसेपर्यंत तो तीनतीनदा वाकवून द्यायचा. हात संथ, पण काम चोख. त्याला निवांत म्हणणं ही दुकानाची जाहिरातच होती.

आता तेच दुकान पणाला लागलं होतं. वर्षभर वहिनी एकटी चालवत होती. दादाकडून काढून ते तिच्या नावावर करायचं का, हे ठरवायला काका उद्या येणार होते. बाबांनी जाताना सगळं त्यांच्यावर सोपवलेलं. आणि काकांनी आधीच सांगितलं होतं, धाकटी स्वतः बघून काय म्हणते त्यावर मी ठरवीन.

संध्याकाळी काकांचा फोन आला. वहिनी समोरच भाजी निवडत बसली होती.

"कसा आहे गं तो?"

"काय सांगू काका. फार सुस्त वाटतो."

"सुस्त?" काकांचा आवाज बदलला. "कधीपासून? ताप वगैरे आहे का? डॉक्टरांना दाखवलं?"

वहिनीचा हात थांबला. तिनं मान हलवली आणि नुसत्या ओठांनी म्हटलं, ऐदी.

"तसं नाही काका," धाकटी गडबडली. "म्हणजे ऐदीच झालाय."

"मग ठरलंच म्हणायचं. बायकोच्या जिवावर लोळतो, लाज कशी वाटत नाही गाढवाला." फोन ठेवताना त्यांनी आणखी दोन शिव्या हासडल्या. डॉक्टरांचं नाव पुन्हा निघालं नाही.

"सुस्त म्हणू नकोस," वहिनी हळूच म्हणाली. "लोकांना वाटतं, बिचाऱ्याला काही झालंय. मग हजार प्रश्न विचारतात. आळशी म्हटलं तर हसून सोडून देतात. कामचुकार म्हण, तर विचारतील, कामाला जातो तरी का? ऐदी म्हटलं की कुणी पुढे काही विचारत नाही."

धाकटीला ते पटलं. तिला भावाची किळस आली होती, आणि किळस आलेल्या माणसाला असा शब्द बरा वाटतो.

पण रात्री जेवताना तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. दादा ताटावर बसला होता, म्हणजे बसवला होता. भात तोंडाकडे नेताना त्याचा हात अर्ध्यावर थांबला आणि शितं छातीवर सांडली. त्यानं खाली पाहिलं. ती उचलायला बोटं जवळ येईनात. दोनदा प्रयत्न केला आणि तो धाकटीकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

ऐदी माणूस सांडलेलं उचलत नाही, कारण दुसरं कुणी उचलेल हे त्याला माहीत असतं. हा तर उचलायला धडपडत होता. धाकटीला स्वतःचीच किळस आली. असल्या माणसाला आपण काय म्हणून बसलो?

"वहिनी, मघाशी मी चुकलेच. हा ऐदी नाही गं. हे काहीतरी दुखणं आहे. उद्या काका आले की मी त्यांना तसं सांगते, आणि आधी डॉक्टरांकडे नेऊ."

वहिनी ताटं गोळा करत होती. "नेऊ की," ती म्हणाली. "तू म्हणतेस तर नेऊ. दमलीस ना प्रवासानं? थांब, तुलाही कपभर कॉफी देते."

"मी चहावाली, माहितीय ना तुला."

"एक दिवस घे माझ्या हातची."

कॉफी कडू होती. साखर भरपूर घातली होती, तरी कडूच. धाकटीनं वहिनीचं मन राखायला ती संपवली आणि दादाच्या खोलीतल्या दिवाणावर आडवी झाली.

जाग आली तेव्हा ऊन दिवाणावर आलं होतं. गालाखाली उशी ओली लागत होती. तिनं तोंड पुसायला हात उचलला, म्हणजे उचलायचं ठरवलं. हात तिथंच राहिला. समोरच्या पलंगावरून दादा तिच्याकडे टक लावून बघत होता.

दारात काकांचा आवाज आला. "अरे, ही पण झोपलेलीच? बरं नाही का हिला? बघ ना, किती सुस्त दिसतेय."

धाकटीनं काका म्हणायला तोंड उघडलं. जीभ हलली नाही. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली आणि काकांनी तोंड फिरवलं.

"सुस्त कसली, काका," वहिनी हसून म्हणाली. "ऐदी आहे. भावावरच गेलीय. तुम्ही बसा निवांत, मी कॉफी आणते."