काय म्हंता, मास्तर?

बायको गेली आणि महिन्याभरात मालवणचे धुरी मास्तर बदलीवर समुद्रपूरच्या पोस्टात आले. रोज सकाळी गावातले रूपराव खिडकीशी येऊन विचारत, "काय म्हंता, मास्तर?" मास्तर म्हणत, "काई नाई." या गावात एवढं उत्तर पुरायचं.

१९८१ साली त्यांना आधी साताऱ्याची बदली आली, मग मालवणची. दोन्ही त्यांनी नाकारल्या.

"सोताचं गाव सोडून इथं काऊन राहून राह्यले तुमी?" रूपरावांनी विचारलं.

मास्तर पत्रांवर शिक्के मारता मारता म्हणाले,

 

"साताऱ्यात माणूस भेटला की विचारतो, 'बरं हाय न्हवं?' आमच्या मालवणात विचारतात, 'बरो आसस मां?' दोन्हीकडं बरं असल्याचं सांगावं लागतं."