'यो' न लावता

मॅनेजरच्या बायकोने चहाचा कप खाली ठेवला आणि उन्जूकडे पाहून मान किंचित हलवली. "सुगोहेस्सॉयो," ती म्हणाली. दमलात, बरं केलंत. दिवस संपल्यावर साहेब हाताखालच्या माणसाला म्हणतो, त्या सुरात.

मस्कतमधल्या अल खौदच्या, मॅनेजरच्या त्या घरात सात कोरियन बायका जमिनीवर बसल्या होत्या. सगळ्यांचे नवरे एकाच कंपनीत इंजिनियर. बसायची जागासुद्धा नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे, त्यामुळे उन्जू दाराजवळ. तिला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. इथे ती 'जिहोची आई' होती.

आठवी तेजश्री. उन्जूची शेजारीण, मूळची पुण्याची. तिला मुद्दाम बोलावलं होतं, कारण उन्जूला गाडी चालवायला तिनेच शिकवलं होतं. काल उन्जू पास झाली होती. सहाव्या प्रयत्नात.

मस्कतमध्ये लायसन्स मिळवणं म्हणजे काय, हे ज्याने मिळवलं त्यालाच ठाऊक. आधी ड्रमांच्या मधून गाडी मागे घ्यायची, एकही ड्रम हलता कामा नये. मग चढावर थांबून, मागे न घसरता पुढे न्यायची. हे जमलं तर शेजारी पोलीस बसवून भर रहदारीत. उन्जू दोनदा ड्रमांत गेली, एकदा चढावर, दोनदा रस्त्यावर. पाचही वेळा पोलीस "खलास" म्हणून उतरला होता. काल सहावा पोलीस "मबरूक", म्हणजे अभिनंदन, म्हणाला, तेव्हा तिला वाटलं, हा नापास करण्याचा नवीन शब्द असावा.

"सहा वेळा!" मॅनेजरची बायको आता तेजश्रीला कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाली. "पोलिसालाच दया आली असेल. आणि जिहोच्या आईला गाडी हवी कशाला? कंपनीची बस आहे की."

बायका हसल्या. उन्जूही हसली, तोंडावर हात धरून, मान खाली घालून. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. तेजश्रीने ते नेमके पाहिले.

येताना उन्जूने तिला बजावलं होतं, "त्यांच्यासमोर माझ्याशी 'यो' लावून बोल हं." शेवटी 'यो' लावलं की कोरियनमध्ये आदर येतो, आणि अंतरही. दोघी एकट्या असताना 'यो' नसे. पहिल्या आठवड्यातच उन्जूने तिला जन्मसाल विचारलं होतं. सदुसष्ट. "माझंही!" उन्जू ओरडली होती. "मग आपण तोंगाप. एका वयाच्या. आता 'यो' लावलंस तर मला वाटेल तू रागावलीस."

तेजश्रीने रीतसर वाक्य पाठ करून आणलं होतं. चुखाहाम्निदा. म्हणजे अभिनंदन, पण 'यो'हूनही औपचारिक, समारंभातलं, हार घालताना म्हणतात तसलं. सगळ्या जणी तिच्याकडे पाहत होत्या. पाहुणीने आता दोन शब्द बोलायचे होते.

ती उठली. सगळ्यांच्या मधून चालत दाराशी गेली आणि उन्जूच्या समोर खाली बसली.

"उन्जू-या," तिने हाक मारली.

नावापुढे 'या' लावून हाक फक्त बालमैत्रीण मारते, नाहीतर आई. अगं, ए उन्जू.

"कोसेङ मानास्सॉ," तेजश्री म्हणाली. खूप सोसलंस गं. "हेनेल चुल आरास्सॉ." तू करून दाखवणार, मला ठाऊकच होतं. उच्चार पुणेरी होते, पण शब्द स्वच्छ होते. कुठल्याही वाक्याला 'यो' नव्हतं.

मॅनेजरची बायको कोरडं हसली. "आपल्या मैत्रिणीला अजून भाषा नीट येत नाही. चारचौघांत असं बोलत नाहीत."

"तिला नीट येते," उन्जू म्हणाली.

तिने तोंडावरचा हात काढला होता. डोळे भरले होते, पण मान वर होती.

"मीच शिकवलंय. ती बरोबर बोलली." मग ती तेजश्रीकडे वळली आणि तसंच 'यो' न लावता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उंग. ना हेनेस्सॉ." हो. केलं मी. "दया नाही आली कुणाला. चौकात ट्रक आडवा आला, तरी मी गाडी बंद पडू दिली नाही. पोलिसाने सीट घट्ट धरली होती. मी नव्हती धरली."

कुणीतरी फुसकन हसलं आणि लगेच थांबलं.

उन्जू उठली. पर्समधून किल्ली काढली. "मी सीबच्या किनाऱ्यावर चाललेय. तेजश्री पुढे बसेल. मागे तीन जागा आहेत."

कुणी हललं नाही. मॅनेजरची बायको उठेपर्यंत कुणी उठायचं नाही, असा त्या घरचा शिरस्ता होता. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने किटली उचलून स्वतःच्या कपात चहा ओतला.

"बस चार वाजता येईल," ती म्हणाली.

घड्याळात अडीच वाजले होते.

बायकांत सगळ्यांत लहान एक मुलगी होती, गेल्याच वर्षी लग्न होऊन आलेली. तिने कप खाली ठेवला. शेजारणीने तिचा गुडघा दाबला, तो हात तिने अलगद बाजूला केला.

"मला बस लागते, मळमळतं," ती म्हणाली, आणि दाराशी जाऊन बुटांच्या नाड्या बांधू लागली.