अंकल म्हणजे कोण

‘प्रिय ठमे’ एवढं लिहून आजोबांनी पेन उचललं आणि टेबलापलीकडे बसलेल्या धाकट्या मुलाकडे पाहिलं. तो फोनमध्ये डोकं घालून बसला होता. पत्र झालं की त्याचा फोटो काढून तोच ते परदेशातल्या नातीला पाठवणार होता. आजोबांचा स्वतःचा फोन तीन आठवड्यांपूर्वी दुरुस्तीला गेला आणि तिकडेच मुक्कामाला राहिला होता.

नातीचं कार्ड मात्र काल पोस्टाने आलं आणि नेमकं आजोबांच्याच हातात पडलं. इंग्रजीत तीन वाक्यं. ‘तुमच्या आजाराचा आणि घराचा कागद अंकलनी पाठवलाय. वीस तारखेच्या रविवारी सही करते. लवकर बरे व्हा.’

आजोबांना साधी सर्दीसुद्धा झालेली नव्हती. सगळा जन्म जमीन मोजणी खात्यात गेलेला. म्हाताऱ्याला भ्रमिष्ट ठरवून त्याची जमीन विकणारे वारस त्यांनी बांधाबांधावर पाहिले होते. कागदात काय असणार ते न वाचताच कळलं. घर त्यांच्या नावावर होतं, आणि थोरला मुलगा वारल्यामुळे त्याच्या जागी नातीची संमती लागणार होती. आज शनिवार, एकोणीस तारीख.

अंकल, पण कोणते? तीन होते, आणि त्यातला एक समोरच बसला होता. त्याच्या नजरेखालून जाणाऱ्या पत्रात सरळ विचारायची सोय नव्हती. म्हणून आजोबांनी म्हातारपणाची जुनी सवलत घेतली आणि भाषण ठोकलं.

‘ठमे, तुमच्या इंग्रजीत एका अंकलमध्ये अख्खी वरात मावते. आपल्याकडे तसं चालत नाही. बापाचा भाऊ काका. आईचा भाऊ मामा. बापाची बहीण आत्या, तिचा नवरा आतोबा. मावशीच्या नवऱ्यालाही काकाच म्हणतात, पण तुला मावशीच नाही, तेव्हा तो घोळ मिटला. पोरांचंही तसंच. काकाची ती चुलत, मामाची मामे, आत्याची आते. तुमचा कझन नुसताच कझन. कोणत्या दाराने घरात आला, पत्ता नाही.

‘हे लाड म्हणून नाही हो. मी मोजणीला जायचो तेव्हा साखळी टाकायच्या आधी नातं विचारायचो. काका म्हटलं की समजायचं, हा बापाच्या बरोबरीचा वाटेकरी. मामा कितीही जीव लावो, त्याचा वाटा त्याच्या बापाच्या घरात. तुझ्या या आजोबाच्या घरात नाही. आतोबाचा स्वतःचा काही नसतो, पण आत्याचा असतो, आणि तो तिच्या मागे उभा असतो. तेव्हा परीक्षा समज. तू शेवटचं ज्याला अंकल लिहिलंस, त्याला मराठीत काय म्हणायचं? आजच सांग.’

मुलाने पत्र वाचलं. आजोबा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

“बाबा, रिकामपणाचे उद्योग नुसते,” तो हसला. “तिला कळणार आहे का हे?”

“न कळायला काय झालं? नात कोणाची आहे?”

फोटो गेला. आजोबा मनातल्या मनात आतोबाचं नाव घेऊ लागले. जावई पडला परका, त्याच्याकडून झालेलं सोसता आलं असतं. मागच्या महिन्यात भिंतींना रंग द्यायचा म्हणून त्याने एक माणूस आणला होता. रंगासाठी कोणी फरशी मोजत नाही, हे मोजणीदाराला सांगायला नको. नातीचा मामा डॉक्टर. तोही त्याच सुमारास उगाच येऊन गेला होता, आणि आज वार कोणता, साल कोणतं, असं गमतीगमतीत विचारत होता. आजोबांनीही गमतीत उलटसुलट उत्तरं दिली होती. समोर बसलेल्याचा विचार मात्र ते मनात येऊ देत नव्हते. त्याला त्यांनी खांद्यावर बसवून बांध दाखवले होते.

पंधरा मिनिटांत मुलाचा फोन वाजला. नातीने आवाजच पाठवला होता. मुलाने तो बेफिकिरीने मोठ्याने लावला.

“आजोबा, परीक्षेसाठी तो कागद पुन्हा काढला. सगळ्यात वर अर्ज केलाय तो काकांनी. तुम्हाला तपासल्याचं सर्टिफिकेट मामांचं. आणि खाली साक्षीदार म्हणून आतोबांची सही. मी तिघांनाही अंकलच म्हणते ना, त्यामुळे मला कधी वेगळं वाटलंच नाही. रविवारी करणार होते, पण काकांची घाई होती, म्हणून सही कालच करून पाठवली.”

मुलाचा अंगठा फोनवर आला, पण आवाज थांबायच्या आत पुढचं वाक्य बाहेर पडलं.

“पण आजोबा, एवढं नीट पत्र तुम्ही लिहिलंत कसं? मामांनी तर लिहिलंय, यांना आता नाती ओळखू येत नाहीत.”

मुलाने आधी पाठवलेला फोटो पुसून टाकला, तिच्याकडचाही. मग उठून त्याने दाराला कडी घातली. आजोबांनी टेबलावरच्या पत्रावर हात ठेवला.

“बाबा,” मुलगा अगदी मऊ आवाजात म्हणाला, “ते पत्र इकडे द्या.”